हेड उतरवण्याआधी दिलेलं पत्र

माझ्याकडे चार गाड्या आहेत. तीन पिकअप आणि एक जरा मोठा टेम्पो. मिरकरवाड्याहून मासळी कोल्हापूरला, आंब्याच्या दिवसांत पेट्या वाशीला, मधल्या काळात मिळेल ते भाडं. फेब्रुवारी 2025 मध्ये यातली एक पिकअप एकोणीस दिवस उभी राहिली. त्या दिवसांत मी वर्कशॉपला एक पत्र लिहिलं. पत्र लिहून गाडी दुरुस्त होते यावर माझा तोवर विश्वास नव्हता. नंतर दोघातिघांनी ते पत्र मागून नेलं, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतो.

3 फेब्रुवारी, सोमवार. रात्री साडेअकराला तात्याचा फोन. तात्या म्हणजे आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. "शेठ, गाडी गरम झाली. आंबा घाटात हाय, दोन वळणं ऱ्हायलीत." मागे बाराशे किलो सुरमई-बांगडा, बर्फात. दुसरी गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. पहाटे तीनला घाटात उभे राहून आम्ही क्रेट एका गाडीतून दुसरीत भरले. मासळी पोचली, पण बाजार उघडून गेल्यावर, म्हणजे भाव मिळाला तो मिळाला. सकाळी क्रेनने गाडी खाली आणली. क्रेनचे 6,500 रोख.

ही गाडी 2018 ची, बीएस-4, चार सिलिंडरचं कॉमनरेल डिझेल इंजिन. काटा 1,86,000 वर. तात्याला खोदून विचारलं तेव्हा कळलं की महिनाभर ती "पाणी पीत" होती. दर दोन-तीन दिवसांनी लिटरभर पाणी घालावं लागायचं. खाली थेंब नाही, होज कोरडे. सकाळी चालू केली की अर्धा-एक मिनिट पांढरा धूर, मग साफ. घाट चढताना मात्र टाकीतून पाणी उसळून बाहेर यायचं. हे मला आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, "पाणीच तर घालायचं होतं, त्यात तुम्हाला काय सांगायचं?" चूक माझीही होती. डिझेलचा हिशोब मी रोज घेतो, पाण्याचा कधी घेतलाच नव्हता.

गाडी हायवेलगतच्या एका वर्कशॉपमध्ये गेली. नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती आणि शेवटी काम त्यांनीच केलं. 5 तारखेला दुपारी हेड मिस्त्रींनी बोलावून घेतलं. रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि बोट दाखवलं. पाण्यात फुगे येत होते, बारीक, सतत. मग एक काचेची नळी आणली, तिच्यात निळं द्रव. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून वाफ ओढली, तर निळं हिरवट-पिवळं झालं. "बघा मालक, सिलिंडरची हवा पाण्यात येतेय. हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवायचं, फेसिंगला द्यायचं. क्रॅक असलं तर नवीन हेड. सव्वा ते दीड लाख धरून चला. बाकी उघडल्यावर कळेल." हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारं इंजिनचं वरचं झाकण, हेड गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची पातळ सीलची चकती, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करून घेणं.

"उघडल्यावर कळेल" हे वाक्य गाडीवाल्याला नवीन नाही. पण यावेळी पोटात गोळा आला, कारण त्याच गाडीचे अजून सात हप्ते बाकी होते आणि आंबा दीड महिन्यावर आला होता.

संध्याकाळी काकांकडे गेलो. ते एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. सगळं ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ऑइल कसं आहे? पाणी मिसळून दुधाळ झालंय?" नाही, काळंच आहे, मी डिपस्टिक बघितली होती. "गाडीला ईजीआरचा कूलर आहे?" मला नाव ऐकून माहीत होतं, काम माहीत नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. प्रदूषण कमी व्हावं म्हणून नव्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचा थोडा भाग परत इंजिनात सोडतात. तो गॅस फार तापलेला असतो, म्हणून आधी एका छोट्या डब्यातून नेतात. डब्याच्या आत पातळ नळ्या, नळ्यांच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला इंजिनचं पाणी. तोच ईजीआर कूलर. नळीला चीर गेली की गॅस आणि पाणी एकमेकांत जातात. घाटात गाडी दाबून चालवली की गॅसचा दाब पाण्यापेक्षा वर जातो, गॅस पाण्यात घुसतो आणि टाकीतून पाणी बाहेर फेकलं जातं. रात्री गाडी बंद केली की उलट होतं. तापलेल्या पाण्यात दाब शिल्लक असतो, गॅसच्या बाजूला काहीच नसतो, मग पाणी त्या चिरेतून हळूहळू झिरपतं. सकाळचा पांढरा धूर म्हणजे तेच पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं.

"म्हणजे फुगे खरे, निळं पिवळं झालं तेही खरं," काका म्हणाले. "पण त्याने एवढंच कळतं की गॅस पाण्यात येतोय. कुठून येतोय ते नाही कळत. हेड गॅस्केटमधूनही येईल, कूलरमधूनही येईल. दोघांत फरक करायचा तर कूलर पाण्यातून बाजूला काढून परत बघायचं. तासाभराचं काम आहे. त्याआधी हेडला हात कशाला?"

मी म्हटलं, उद्या जाऊन सांगतो. काकांनी मान हलवली. "सांगू नको. लिहून दे. तू सांगितलंस तर तो म्हणेल, मालक आता मला शिकवणार. लिहून मागितलंस तर त्याला लिहून द्यावं लागेल, आणि लिहायला बसला की माणूस तपासून बघतो."

रात्री बसून पत्र लिहिलं. पहिला कागद म्हणजे निव्वळ भांडण होतं. "तुम्ही दिशाभूल करत आहात", "ग्राहक मंचात जाईन" असलं सगळं. बायकोने वाचून विचारलं, "यातून तुला गाडी हवीय की माफी?" कागद फाडला.

ग्राहक मंचाचं वाक्य गाळण्याला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांना फोन केला. त्यांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ग्राहक धरला जात नाही. फक्त पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला, म्हणजे स्वतःच गाडी चालवणाऱ्या एखाद्या मालकाला, त्यात सूट आहे. चार गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असलेल्या माझ्यासारख्याला समोरचा पहिल्याच तारखेला विचारणार, तुम्ही ग्राहक कसे? मग आपल्याकडे उरतो तो दोघांतला करार, आणि तो कागदावर असेल तरच उपयोगाचा.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली तिने मला जास्त घाबरवलं. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, ठरलेल्या कामासाठी ज्याने आपल्या वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे एकदा हेड उतरलं की "मला हे काम नको होतं" म्हणून गाडी ओढून नेणं सोपं नाही. "काय काम ठरलंय ते कुठे लिहिलंय?" वकिलांनी विचारलं. मी तात्याकडून जॉबकार्डाची प्रत मागवली. तात्याने सही केली होती ती या ओळीखाली: "इंजिन गरम होते, चेक करून आवश्यक ते काम करणे."

"आवश्यक ते काम." म्हणजे अख्खं इंजिन उतरवलं तरी माझी संमती आहेच! तात्याला बोलून उपयोग नव्हता, पुढे केलेल्या कागदावर तो वर्षानुवर्षं सही करत आला आहे. आता मात्र सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलंय की जॉबकार्डावर फक्त तक्रार लिहायची आणि खाली "तपासणीपुरती संमती, दुरुस्ती मालकाच्या लेखी होकारानंतर" असं लिहून मगच सही करायची. लगेच फोटो काढून मला पाठवायचा.

शेवटी जे पत्र दिलं ते असं होतं. गाडीचा आणि जॉबकार्डाचा नंबर गाळून जसंच्या तसं देतो.

"दि. 7 फेब्रुवारी 2025

प्रति, वर्कशॉप व्यवस्थापक यांस,

विषय: दुरुस्तीपूर्वी लेखी निदान, चाचण्यांची आकडेवारी व अंदाजपत्रक मिळणेबाबत.

महोदय,

माझी वरील क्रमांकाची गाडी 4 फेब्रुवारी रोजी आपल्याकडे दाखल झाली असून मीटर 1,86,000 किमीच्या आसपास आहे. जॉबकार्डावर माझ्या चालकाने 'आवश्यक ते काम करणे' या मजकुराखाली सही केली आहे. ती संमती मी आजपासून तपासणीपुरती मर्यादित करत आहे. माझ्या लेखी होकाराशिवाय इंजिनचे हेड किंवा अन्य कोणताही मोठा भाग उघडू नये, ही विनंती.

चालकाने सांगितलेली लक्षणे अशी: सुमारे महिनाभर पाणी कमी होते, बाहेर गळती दिसत नाही. सकाळी चालू करताना थोडा वेळ पांढरा धूर येतो. चढावर टाकीतून पाणी बाहेर येते. ऑइल दुधाळ झालेले नाही. या काळात पाणी म्हणून विहिरीचे पाणी घातले गेले आहे.

आपण 5 तारखेला रेडिएटरमधील फुगे व रंग बदलणारी चाचणी मला दाखवलीत, त्याबद्दल आभार. हेड उतरवण्याचा निर्णय घेण्याआधी खालील चाचण्या करून त्यांचे आकडे, तारीख व करणाऱ्याची सही यांसह लेखी मिळावेत. थंड इंजिनवर पाण्याच्या यंत्रणेची प्रेशर टेस्ट, किती दाब दिला आणि किती मिनिटांत किती उतरला. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन वेगवेगळे, आणि शेजारी कंपनीच्या पुस्तकातील मर्यादा. ईजीआर कूलर पाण्याच्या वाटेतून बाजूला करून तीच प्रेशर टेस्ट पुन्हा. एखादी चाचणी शक्य नसेल तर तिचे कारण लिहावे.

त्यावरून आपले निदान व सुचवलेले काम लिहावे. अंदाजपत्रकात प्रत्येक पार्टचे नाव, नग, कंपनीचा की बाजारातला, मजुरी, बाहेरचे मशीनिंग, जीएसटी व लागणारे दिवस वेगवेगळे दाखवावेत. काम चालू असताना खर्च वाढणार असल्यास फोटोसह कळवून माझा होकार घ्यावा. काढलेले जुने पार्ट मला परत द्यावेत.

तपासणीचा वाजवी आकार, पुढे काम आपल्याकडे होवो वा न होवो, मी भरण्यास तयार आहे. तो किती ते आधी कळवावे.

आपला विश्वासू"

काकांनी यात दोन ठिकाणी हात घातला होता. लक्षणांचा परिच्छेद त्यांच्याच सांगण्यावरून वाढवला. "मिस्त्रीला गाडी उभी मिळते, घाटातली गाडी त्याने बघितलेली नसते," असं ते म्हणाले. विहिरीच्या पाण्याचा उल्लेख मी लाजून गाळला होता, तो त्यांनी परत घालायला लावला. आणि तपासणीचे पैसे देतो हे वाक्यही त्यांचंच. फुकट तपासणी मागितली तर ती तशीच होते, आणि मग तिचे पैसे दुरुस्तीच्या बिलात कुठेतरी लपतात.

7 तारखेला शुक्रवारी दुपारी दोन प्रती घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने एक ठेवून घेतली आणि दुसरीवर सही-शिक्का द्यायला नकार दिला. "साहेब नाहीत." साहेब येईपर्यंत बसलो, पावणेदोन तास. आले, पत्र वाचलं आणि पहिलं वाक्य तेच बोलले ज्याची मला भीती होती. "विश्वास नाही का आमच्यावर?"

मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच गाडी इथे आहे. पण दीड लाख मी पतपेढीतून उचलणार, तिथे मला कागद लागतो. हे अर्धं खरं होतं. पतपेढीने काही मागितलं नव्हतं, पण मागितलंच असतं. साहेबांनी पोच दिली. हेड मिस्त्री लांबूनच बघत होते, त्यांनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाळलं.

मग काहीच नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी फोन केला, "बघतो." मंगळवारी फोन उचलला नाही. गाडी उभी म्हणजे दिवसाचं भाडं बुडतं, ड्रायव्हरचा पगार मात्र चालू. एका रात्री वाटलं, कशाला हा कागदाचा खेळ, सरळ सांगावं की उतरवा हेड आणि मोकळं व्हावं. बुधवारी सकाळी पत्राचा फोटो साहेबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "तपासणी कधी करता ते कळवा, मी येऊन थांबतो." उत्तर दहा मिनिटांत आलं. उद्या या. तपासणीचे 2,500 अधिक जीएसटी.

13 फेब्रुवारी, गुरुवार. ही सकाळ मी विसरणार नाही. मिस्त्री आधी तोंड फुगवून होते. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावला, त्याला घड्याळासारखा गेज. गाडीच्या झाकणावर 1.1 बार लिहिलेलं होतं, तेवढाच दाब दिला. त्याच्यापेक्षा जास्त द्यायचा नसतो, नाहीतर चांगला रेडिएटरही फुटेल. पंधरा मिनिटांत काटा 1.1 वरून 0.7 वर आला. सगळीकडे टॉर्च मारून बघितलं. पंप, होज, हीटर, खाली जमीन, सगळं कोरडं. म्हणजे पाणी आतच कुठेतरी जात होतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. ग्लो प्लग काढले, डिझेल येणं बंद केलं, एका भोकात गेज बसवून स्टार्टर फिरवला. चार सिलिंडर: 27, 26, 27, 26 बार. पुस्तकात किमान 20 होतं. मिस्त्री गेजकडे बघून म्हणाले, "कॉम्प्रेशन तर टॉप आहे." मग स्वतःच पुढे म्हणाले, "पण बारीक गॅस्केट लीक असेल तर कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही." बरोबर होतं ते. काकांनीही तेच सांगितलं होतं. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून गॅस्केट सुटत नाही, वाईट आलं असतं तर मात्र अडकलं असतं.

शेवटी कूलर. त्याच्या पाण्याच्या दोन्ही होज काढल्या आणि मधे पाइपचा तुकडा घालून एकमेकांना जोडल्या. आता पाणी कूलरला वळसा घालून जाणार होतं. परत 1.1 बार. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. काटा तिथेच. मिस्त्री म्हणाले, "अजून थांबू." अर्धा तास थांबलो, 1.1. मग त्यांच्याच मनात आलं की तापल्यावर हेड वेगळं वागतं. म्हणून कूलर बाजूलाच ठेवून गाडी चालू केली, पंखा दोनदा फिरेपर्यंत तापवली, आणि मग निळं द्रव परत लावलं. डिझेल गाडीत हे नुसत्या आयडलवर बघून चालत नाही. आयडलला डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि गळती असूनही रंग बदलत नाही. त्यांनी मुलाला रेस धरायला लावली. पाच मिनिटं निळं ते निळंच.

कूलर काढून टेबलावर घेतला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा दिली आणि बादलीत बुडवला. गॅसच्या तोंडातून फुग्यांची माळ निघाली. आत बोट घातलं तर पांढरट खपली हाताला लागली. मिस्त्रींनी ती चोळून बघितली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "विहीर समुद्राजवळ आहे काय?" आहे. उन्हाळ्यात पाणी मचूळ लागतं, आम्ही ते प्यायला वापरत नाही. गाडीला मात्र पाजत होतो.

मग साहेबांनी सुचवलं, "हा कूलरच काढून प्लेट मारून टाकू, दोन हजारांत काम." हे कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. मी नाही म्हटलं. कंपनीने बसवलेली धूर-नियंत्रणाची यंत्रणा काढणं नियमात बसत नाही, डॅशबोर्डवर चेक लाइट लागून राहते, आणि पुढे गाडी विकताना तोच दिवा आपल्याला दोन हजारांपेक्षा बराच महाग पडतो.

15 तारखेला शनिवारी लेखी निदान हातात पडलं. दीड पान, चाचण्यांचे आकडे, मिस्त्रींची सही. शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: "इंजिन तापलेले असल्याने हेडला ताण आलेला असू शकतो, सध्या हेड उघडण्याची गरज दिसत नाही, 500 किमीनंतर प्रेशर टेस्ट पुन्हा करावी." आपल्याला खात्री कुठपर्यंत आहे हे त्यांनी लिहून दिलं होतं. तोंडी कोणी एवढं बोलत नाही.

सोबतच्या अंदाजपत्रकात कूलर कंपनीचा 13,800, गॅस्केट व क्लॅम्प 900, रेडिएटरचं नवीन झाकण 300. या पंधरा हजारांवर तेव्हा 28 टक्के जीएसटी, म्हणजे 4,200. (22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या पार्टवर 18 टक्के झाला, तेव्हा आज हाच हिशोब दीड हजाराने कमी येईल.) कूलंट पाच लिटर 2,000 आणि मजुरी 5,200, दोन्हींवर 18 टक्के. खाली आणखी एक ओळ होती, "इतर किरकोळ 3,000". कशाचे, असं विचारलं तेव्हा साहेबांनी पेन काढून ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली. वाद झाला नाही. राहिले 27,696. तपासणीचे 2,950 मी आधीच भरले होते. एकूण 30,646.

त्याच कागदावर "वरीलप्रमाणे काम मंजूर, यापलीकडे नाही" असं लिहून तारखेसह सही केली आणि दहा हजार आगाऊ दिले. पावती घेतली.

पार्ट कोल्हापूरहून यायचा होता. सोमवारी येतो म्हणाले, मंगळवारी आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा. बुधवारी 19 तारीख, शिवजयंतीची सुट्टी. योग्य पार्ट गुरुवारी आला. इथे पत्राचा काही उपयोग झाला नाही, वाट बघणं एवढंच हातात होतं. शुक्रवारी कूलर बसला. यंत्रणा दोनदा साध्या पाण्याने धुतली, मग पाच लिटर कूलंट आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, आमच्या गाडीला कंपनीने निम्मं-निम्मं सांगितलंय. आतली हवा काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ती राहिली की नवी दुरुस्ती असूनही गाडी तापते आणि दोष बिचाऱ्या नव्या पार्टवर जातो.

22 तारखेला गाडी ताब्यात घेतली. जुना कूलर एका गोणपाटात बांधून दिला. निघताना मिस्त्री म्हणाले, "पत्र बघून राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण हेड उतरवलं असतं, नवं गॅस्केट घातलं असतं, आणि आठवड्यात तुम्ही परत घाटात अडकला असतात. मग शिव्या मीच खाल्ल्या असत्या." त्यांनी एक धोकाही सांगितला, जो मला माहीत नव्हता. कूलरची चीर मोठी झाली की रात्रीत सिलिंडरमध्ये पाणी साठू शकतं. पाणी दाबलं जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खरंच इंजिन काम निघतं. सकाळी पांढरा धूर येऊनही महिनाभर गाडी चालवत राहिलो, ते आमचं नशीब.

24 तारखेला सोमवारी रात्री तात्या भरलेली गाडी घेऊन आंबा घाट चढला. मी झोपलो नाही. सव्वाबाराला माथ्यावरून फोन आला, "काटा अर्ध्यावरच हाय शेठ, तुम्ही झोपा." 500 किमी दोन फेऱ्यांत झाले. 3 मार्चला प्रेशर टेस्ट परत केली, 1.1 बार, अर्धा तास, काटा हलला नाही. तो आकडाही त्याच कागदावर खाली लिहून घेतला.

चारही गाड्यांच्या पाण्याच्या टाकीवर आता काळ्या मार्करने रेघ मारलेली आहे. रोज सकाळी थंड गाडीचा, त्या रेघेचा फोटो ड्रायव्हर पाठवतात. विहिरीवरचा कॅन तात्याने स्वतःहून गाडीतून काढून टाकला. त्यात आता त्याची बायको अबोलीला पाणी घालते.